लोक अदालतीत सही करायच्या आधी एवढं वाचा (आमच्या गिऱ्हाइकांसाठी)

आमचं दुकान कोर्टाच्या जवळ, टायपिंग, झेरॉक्स आणि कानडी-मराठी भाषांतर हेच काम. आम्ही वकील नाही, हे आधीच सांगतो. पण दर लोक अदालतीनंतर दोन-चार माणसं कागद घेऊन येतात आणि म्हणतात, "ह्याच्यात नेमकं काय लिहिलंय तेवढं मराठीत सांगा." म्हणजे सही करून झालेली असते आणि मग वाचायला आणतात. सगळा घोळ तिथंच होतो, म्हणून हा कागद छापला.

एक गैरसमज आधी काढून टाका. फुकट वकील आणि लोक अदालत ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातल्या, दोन्हीचं काम तालुका विधी सेवा समितीतनं चालतं, त्यामुळं लोक एकच समजतात. लोक अदालतीत कुणीबी जाऊ शकतो, साखर कारखानदार असला तरी. तिथं गरीब आहात का म्हणून कुणी विचारत नाही. फुकट वकील मात्र कायद्याच्या कलम 12 मध्ये जे बसतात त्यांनाच.

त्याच्यात कोण बसतं? बाई असेल तर बसते, उत्पन्न कितीबी असू दे. हे बऱ्याच बायकांना माहीत नसतं आणि त्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलदार ऑफिसला चकरा मारत बसतात, काही गरज नाही त्याची. तसंच लहान मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कारखान्यातले कामगार, पूर-दुष्काळ-भूकंपात सापडलेले, माणसांच्या व्यापाराचे किंवा वेठबिगारीचे बळी, आणि पोलीस कोठडीत किंवा जेलमध्ये असलेले, ह्यांनाबी उत्पन्न विचारत नाहीत. ह्यातलं काहीच नसेल तर मग उत्पन्नाची मर्यादा लागते, ती राज्य सरकार ठरवतं आणि बदलतंबी, म्हणून आकडा समितीतच विचारून घ्या. उत्पन्न किती ते ऍफिडेव्हिटवर लिहून दिलं की सहसा चालतं, खोटं आहे असं वाटायला काही कारण असेल तरच पुढं विचारतात. एवढं मात्र आहे की केसमध्ये दम आहे का हे ते आधी बघतात, नुसतं शेजाऱ्याला छळायला दावा टाकायचा असेल तर वकील मिळणार नाही.

आणि आमच्याच धंद्यावर पाणी टाकणारी गोष्ट पण सांगतो: मदत मंजूर झाली की वकिलाची फी, कोर्ट फी, नोटिशीचा खर्च आणि कागदांचं भाषांतरसुद्धा त्याच्यात येतं. त्यामुळं आमच्याकडं पैसे मोजायच्या आधी समितीत विचारा. समितीनं दिलेल्या वकिलानं वरनं पैसे मागितले तर देऊ नका, समितीकडंच तक्रार करा. फोन करायचा असेल तर 15100, तो फुकट आहे.

आता मुद्द्याचं. दोन-तीन गिऱ्हाइकांच्या गोष्टी एकत्र करून एक उदाहरण देतो.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका काकूंनी भाच्याला टेंपोसाठी 1,80,000 रुपये उसने दिले. भाच्यानं चेक दिला, तो बँकेतनं परत आला, खात्यात पैसे नाहीत म्हणून. काकू गप्प बसल्या असत्या, पण जावयानं हिशेब सांगितला: बँकेचा मेमो मिळाल्यापास्नं 30 दिवसात नोटीस घालायची, नोटीस पोचल्यावर त्याला 15 दिवस, तेवढ्यात पैसे नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात मॅजिस्ट्रेट कोर्टात तक्रार. ह्या तारखा चुकल्या की केस अडचणीत येते. लोक अदालतीत विचारपूस चालू आहे म्हणून ह्या मुदती आपोआप थांबतील असं धरून बसू नका. काकूंनी समितीतनं वकील घेतला, तक्रार वेळेत पडली, आणि पाच-सहा तारखांनंतर केस लोक अदालतीला लागली.

तिथं समोर पॅनेल असतं, कामावरचे किंवा रिटायर झालेले जज्ज आणि बरोबर एखादा वकील किंवा समाजसेवक. ते समजावतात, दोन्हीकडचं ऐकतात, पण निकाल देत नाहीत. कुणी राजी नसेल तर केस जशीच्या तशी परत त्याच कोर्टात जाते, तुमचं काही बिघडत नाही. जज्ज साहेबांनी दोनदा विचारलं म्हणजे "हो" म्हणायलाच पाहिजे असं काही नाही. 2008 साली जालौर सिंगच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलंय, की लोक अदालतीला स्वतः न्याय करायचा अधिकार नाही, दोघं राजी नसतील तर तिथं अवॉर्ड, म्हणजे दोघांनी कबूल केलेल्याचा लेखी हुकूम, होऊच शकत नाही.

काकू राजी झाल्या. ठरलं असं: 1,80,000 पैकी 30,000 सोडायचे, म्हणजे 1,50,000. त्यातले 30,000 त्याच दिवशी रोख, राहिलेले 1,20,000 सहा हप्त्यात, दर महिन्याच्या 10 तारखेला 20,000. कागद कानडीत टाईप झाला, भाच्यानं सही केली, काकूंनी अंगठा केला, वकिलांच्या सह्या, पॅनेलच्या सह्या, झालं. बाहेर येऊन चहा पण घेतला सगळ्यांनी.

भाच्यानं दोन हप्ते भरले आणि मग फोन उचलायचं बंद. एकूण 70,000 आले. काकू आमच्याकडं कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "परत ती चेकची केस चालू करा, आणि आता मला सोडलेले 30,000 पण पाहिजेत." आम्ही कागद वाचला. कागदात हप्ते होते, तारखा होत्या, पण हप्ता चुकला तर काय, ह्याची एक ओळ नव्हती.

त्याचा परिणाम काय झाला बघा. चेकची केस तर संपली, कारण राजी होऊनच ती मिटली, जेलचा धाक गेला. पण काकू रिकाम्या हातानं गेल्या असंबी नाही. कायद्याच्या कलम 21 प्रमाणं लोक अदालतीचा अवॉर्ड हा दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा धरला जातो, आणि फौजदारी कोर्टातनं पाठवलेल्या चेकच्या केसचा अवॉर्डबी तसाच हुकूमनामा असतो हे सुप्रीम कोर्टानं 2011 मध्ये गोविंदन कुट्टी मेनन केसमध्ये सांगितलंय. म्हणजे नवीन दावा घालायचा नाही, अंमलबजावणीचा अर्ज घालायचा आणि भाच्याचा टेंपो, बँक खातं जप्तीला लावायचं. पण वसूल होणार ते 80,000 च, आणि तेबी त्या त्या हप्त्याची तारीख उलटेल तसं. सोडलेले 30,000 सोडलेच.

कागदात एक ओळ जास्त असती तर? म्हणजे असं, की "येणं एकूण 1,80,000 आहे हे भाच्याला मान्य, सगळे हप्ते वेळेवर दिले तरच 30,000 ची सवलत, दोन हप्ते चुकले तर सवलत रद्द आणि उरलेली सगळी रक्कम लगेच द्यायची." मग काकूंना 70,000 वजा करून 1,10,000 एकदम मागता आले असते. नुसत्या एका ओळीचा फरक 30,000 रुपयांचा.

मग काकूंनी अपील का नाही केलं, असं शेजारचे विचारतात. अपील होत नाही, कलम 21 मध्येच तसं लिहिलंय. अपील असतं ते जज्जानं चूक केली म्हणून, आणि इथं जज्जानं काही ठरवलेलंच नाही, ठरवलं तुम्ही दोघांनी. आपण स्वतः कबूल केलेल्या गोष्टीवर अपील कुणाकडं करणार. साध्या कोर्टात दोघांच्या राजीखुशीनं झालेल्या हुकुमाचंबी असंच असतं.

फक्त एक फट आहे, फसवणूक झाली किंवा मुळात तुम्ही राजीच नव्हता, तर रिट, म्हणजे सरळ हायकोर्टातच घालायचा अर्ज. आपल्याला ते धारवाडच्या खंडपीठात पडतं. खालच्या कोर्टात "अवॉर्ड रद्द करा" म्हणून वेगळा दावा घालता येत नाही, 2017 मध्ये सुप्रीम कोर्टानं तेबी स्पष्ट केलंय. आणि "मला कानडी वाचता येत नव्हतं" एवढ्यावर हायकोर्ट अवॉर्ड मोडेल अशा भरवशावर बसू नका, तुमचा वकील बाजूला उभा होता आणि त्याची सही आहे असं समोरचा म्हणणारच. काकूंना आम्ही हेच सांगितलं, त्या दुकानातनं थोड्या रागानंच गेल्या, ते साहजिक आहे.

म्हणून सही करायच्या आधी कागद मागून घ्या आणि कानडी येत नसेल तर वकिलाला म्हणा मराठीत एकेक ओळ वाचून दाखवा, लाजू नका, मागं दहा केसेस थांबल्यात म्हणून घाई करू नका. कानडी थोडंफार कळत असेल तर दोन शब्द शोधा. "कंतु" म्हणजे हप्ता, तिथं तारीख आणि रक्कम दोन्ही लिहिलेली पाहिजे. "तप्पिदल्ली" म्हणजे चुकल्यास, आणि ह्या शब्दाच्या पुढं काय लिहिलंय ते तुमच्या कामाचं. हा शब्द कागदात कुठंच नसेल तर काकूंसारखं होणार. जमिनीचं असेल तर सर्व्हे नंबर, किती गुंठे आणि कुठल्या बाजूनं हे लिहिलंय का बघा, "आपसात वाटून घेतील" एवढं लिहून सोडलं की पुढं पाच वर्षं भांडण. आणि राजी झालेली गोष्ट पॅनेलसमोर झालेली पाहिजे, बाहेर कुणीतरी ठरवून आणलेल्या कागदावर फक्त शिक्का मारून घ्यायचा प्रकार असेल तर सावध व्हा.

अवॉर्डची सर्टिफाईड कॉपी फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय घरी जाऊ नका. दिवाणी दावा मिटला असेल तर भरलेली कोर्ट फीसुद्धा परत मिळते, त्याची ऑर्डर झाली का वकिलाला विचारा.

शेवटचं एक. "कायम लोक अदालत" नावाचा प्रकार वेगळा आहे, वीज, पाणी, बस, विमा, दवाखाना असल्या सेवांच्या तक्रारींसाठी, एक कोटीपर्यंतच्या. तिथं आधी समेटाचा प्रयत्न करतात, पण नाहीच जमलं तर ते स्वतः निकाल देऊ शकतात, आणि तो पण शेवटचाच. शिवाय तिथं अर्ज केला की त्याच भांडणासाठी कोर्टात जाता येत नाही. त्यामुळं तिथं जाताना पावत्या आणि पत्रव्यवहार सगळा घेऊन जा, नुसतं बोलून चालत नाही.

लोक अदालतीच्या आदल्या दिवशी मसुदा मिळाला तर घेऊन या, पाच मिनटात मराठीत वाचून दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही. सही झाल्यावर आणलात तर वाचून दाखवू, पण त्याच्यात बदल आम्हाला पण करता येत नाही.