मार्कडाउन कधी वजा करायचा: टक्का काढण्याआधी की नंतर?

लेबलावरच्या विक्री किमतींवरून उरलेल्या मालाची खरेदी किंमत काढायची रीत कापडवाल्यांना ठाऊक असते. पण तिचे दोन प्रकार आहेत आणि ते सर्रास एकमेकांत मिसळतात. बेळगावच्या खडेबाजारातलं साडीचं दुकान धरून ३१ मार्चचा हिशोब मांडू, आकडे उदाहरणापुरते.

सुरुवातीचा साठा आणि वर्षभराची खरेदी मिळून माल ७,२०,००० रुपयांचा. लेबलांची बेरीज ११,६०,०००. लग्नसराईत काही भाव ४०,००० ने वाढवले, म्हणजे १२,००,०००. पुढे सेलमध्ये ७५,००० उतरवले, हाच मार्कडाउन. विक्री झाली ८,२५,००० ची. तेव्हा रॅकवर लेबलाच्या भावाने ३,००,००० चा माल उरायला हवा. इथपर्यंत दोन्ही प्रकार सारखेच.

फरक टक्क्यात पडतो, म्हणजे लेबलाच्या भावात खरेदीचा वाटा किती धरायचा यात. पहिल्यात मार्कडाउन बाजूला ठेवतात: ७,२०,००० भागिले १२,००,०००, म्हणजे ६० टक्के. उरलेला माल १,८०,०००. दुसऱ्यात मार्कडाउन आधीच वजा करतात: ७,२०,००० भागिले ११,२५,०००, म्हणजे ६४ टक्के आणि माल १,९२,०००. नफ्यात बारा हजारांचा फरक.

खरा आकडा कोणता? भाव उतरवलेल्या साड्या कुठे आहेत, त्यावर ते ठरतं. साऱ्या साड्यांवर नफ्याचं प्रमाण सारखं धरू. सेलच्या सगळ्या साड्या विकल्या गेल्या असतील तर रॅकवर मूळ भावाचाच माल आहे आणि १,८०,००० अगदी बरोबर. पण त्या सगळ्या पडूनच असतील, तर त्या मालाची मूळ लेबलं ३,७५,००० ची होती आणि खरेदी २,२५,००० ची. मग दोन्ही उत्तरं कमीच. दुसरं मधे पडतं, कारण ते सरासरी आहे.

पहिल्या प्रकाराला सावध म्हणतात, आणि तो आहेही. पण इथे माल अजून ३,००,००० ला विकला जाणार असेल आणि विक्रीचा खर्च किरकोळ असेल, तर तो खरेदी किमतीच्याही खाली आणायचं कारणच नाही. एएस २ या साठ्याच्या लेखा मानकात साठा खरेदी किंमत किंवा निव्वळ वसूल होणारी किंमत, यातल्या कमी आकड्याने धरायचा असतो. शिवाय टक्का ठरवताना मूळ भावाखाली उतरवलेला माल विचारात घ्यायचा, असंही तिथे म्हटलंय. म्हणून मी सेलचा गठ्ठा वेगळा मोजून त्याचा टक्का वेगळा काढायला सांगेन.

नोंद करताना आणखी एक ठिकाण चुकतं. १,५०० ची साडी १,७०० केली आणि नंतर १,४०० ला लावली, तर सगळे ३०० मार्कडाउन नव्हेत. त्यातले २०० म्हणजे आधीची वाढ रद्द झाली. ते वाढीतूनच वजा होतात. मार्कडाउन फक्त १००. पहिल्या प्रकारात हे सगळे ३०० मार्कडाउनमध्ये टाकले, तर भाजक उगाच फुगतो, टक्का खाली येतो आणि साठा खऱ्यापेक्षा कमी दिसतो.