पत्ता पडताळणी (कार्ड व्यवहारांतील)

ऑनलाइन खरेदी करताना ग्राहकाने भरलेला बिलिंग पत्ता व पोस्टल कोड, कार्ड देणाऱ्या बँकेकडील नोंदीशी ताडून पाहण्याची पद्धत. व्यवसायात ती ‘अॅड्रेस व्हेरिफिकेशन सर्व्हिस’, थोडक्यात ‘एव्हीएस’, या नावाने ओळखली जाते. मुख्यतः अमेरिका, कॅनडा व ब्रिटन येथे ती रूढ आहे. माल ज्या पत्त्यावर पाठवायचा, त्याची तपासणी यात होत नाही.

ही पद्धत इंटरनेट व्यापारातून निघाली असे काही वेळा सांगितले जाते. परंतु टपालाने व दूरध्वनीवरून मागणी घेणाऱ्या अमेरिकन विक्रेत्यांच्या गरजेतून ती वेब-दुकानांच्या आधीच आली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तिथेही कार्ड विक्रेत्याच्या हातात येत नसे. अमेरिकेचा पोस्टल कोड, म्हणजे पाच अंकी झिपकोड, 1963 पासून होताच.

पडताळणीत संपूर्ण पत्ता जुळवला जातो असा समज आहे. प्रत्यक्षात तुलना होते ती बहुधा अंकांचीच. रस्त्याचे नाव चुकले तरी घरक्रमांक व झिपकोड बरोबर असल्यास पत्ता ‘जुळला’ असे उत्तर येऊ शकते. अंक वेचण्याची रीत मात्र सर्वत्र एक नाही. ‘221 East 45th Street’ या पत्त्यातून एक रीत पहिल्या अक्षरापाशी थांबून 221 घेते, तर दुसरी सगळे अंक जोडून 22145 करते. ब्रिटनमध्ये पोस्टकोडमधलीही अक्षरे गळतात: ‘Flat 4, 27 Mill Road, LE4 6AB’ यातून पत्त्याचे 427 आणि पोस्टकोडचे 46 एवढेच उरते. त्यामुळे लेस्टरचा LE4 6AB आणि लंडनचा SW4 6 ने सुरू होणारा कोड या तपासणीपुरते सारखेच ठरतात.

बँकेचे उत्तर एका अक्षरात येते. अमेरिकेत Y म्हणजे पत्ता व पाच अंकी झिप दोन्ही जुळले, A म्हणजे फक्त पत्ता, Z म्हणजे फक्त झिप, N म्हणजे दोन्ही नाही. U चा अर्थ माहिती उपलब्ध नाही. पैशांची मंजुरी आणि हे अक्षर या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. N आले तरी बँक रक्कम मंजूर करू शकते. व्यवहार पुढे न्यायचा की नाही, हे विक्रेता किंवा त्याने गेटवेमध्ये, म्हणजे कार्डाचे पैसे स्वीकारणाऱ्या ऑनलाइन यंत्रणेत, बसवलेला नियम ठरवतो.

नेहमीचा घोटाळा इथेच होतो. समजा, न्यू जर्सीतील एडिसन (झिप 08820) सोडून कोणी जर्सी सिटीत (07306) राहायला गेले आणि बँकेत पत्ता बदलायचा राहिला. 84 डॉलरच्या खरेदीत ग्राहक नवा पत्ता टाकतो. बँक 84 डॉलर मंजूर करून राखून ठेवते, सोबत N पाठवते आणि गेटवे व्यवहार नाकारतो. पडद्यावर नुसते ‘पेमेंट झाले नाही’ दिसते. ग्राहक आणखी दोनदा प्रयत्न करतो. खरेदी शून्य, पण डेबिट कार्डाच्या खात्यात 252 डॉलर अडकलेले. नोंद ‘पेंडिंग’ दिसत असेल तर पैसे कापले गेलेले नसून रोखलेले असतात व काही दिवसांत मोकळे होतात. नकारासोबत विक्रेत्याने मंजुरी रद्द करण्याचा संदेश पाठवला तर ते लवकर सुटतात. आधीच शून्य रकमेची पडताळणी केली तर रक्कम अडकतच नाही. ग्राहकाने बँकेच्या स्टेटमेंटवर छापलेला पत्ता जसाच्या तसा टाकावा.

08820 सारख्या झिपचा आणखी एक त्रास असतो. पत्त्यांची यादी स्प्रेडशीटमधून गेली की सुरुवातीचे शून्य उडून 8820 उरते. न्यू जर्सी वा मॅसॅच्युसेट्सच्याच ग्राहकांचे व्यवहार A घेऊन परतत असतील, तर विक्रेत्याने आधी हे तपासावे.

भारतीय बँकांची कार्डे या पद्धतीत सहसा येत नाहीत. रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहारांना 2009 पासून अतिरिक्त प्रमाणीकरण सक्तीचे केले, ते आता बहुधा ओटीपीच्या रूपात दिसते. अमेरिकन दुकानात अशा कार्डाला G (परदेशी बँक, सहभाग नाही), बँकेकडे ही सेवा नाही असे सांगणारे S किंवा U असे उत्तर मिळते. विक्रेत्याने Y खेरीज सारे नाकारायचा नियम लावला असेल, तर पुण्याचा 411004 अचूक भरूनही कार्ड चालत नाही. अमेरिकन पेट्रोल पंपावर पाच अंकी झिप मागणाऱ्या यंत्रापुढे हीच अडचण येते. आत जाऊन काउंटरवर कार्ड देणे हा त्यावरचा सरळ उपाय. कॅनडातील कार्डधारक अनेकदा आपल्या कोडमधले तीन अंक घेऊन पुढे दोन शून्ये लावतात: M5V 2T6 चे 52600.

पत्ता जुळणे म्हणजे खरेदीदार खरा असल्याचा पुरावा नव्हे. चोरलेल्या कार्डतपशिलात पुष्कळदा पत्ताही असतो, आणि मग Y सहज येतो. ओटीपीसारख्या पायरीने कार्डधारकाची ओळख पटवणाऱ्या थ्रीडी सिक्युअर पद्धतीमध्ये यशस्वी प्रमाणीकरणानंतर फसवणुकीच्या तक्रारीची जबाबदारी सहसा बँकेकडे जाते. नुसत्या Y ने ती विक्रेत्यावरून हटत नाही.