एडी कर्व्ह खाली का उतरतो: तीन कारणं आणि त्यांचा उलटा इतिहास

सदाशिव पेठेत एमपीएससी करणाऱ्या कुणालाही विचारा, ॲग्रिगेट डिमांड म्हणजेच एडी कर्व्ह खाली का उतरतो, म्हणजे सगळ्या किमती पडल्या की देशातली एकूण मागणी का वाढते, तर वेल्थ इफेक्ट, व्याजदर, परदेशी व्यापार हा क्रम पाठच असतो. पण हे सुचलं त्या क्रमाने नाही.

मुळात अडचण अशी की टोमॅटो स्वस्त झाला तर आपण वांगी सोडून टोमॅटो घेतो, पण सगळंच स्वस्त झालं तर काय सोडून काय घेणार? आणि सगळ्या किमती पडल्या म्हणजे पगारही पडणारच. मग मागणी वाढेल कशाने?

अर्थतज्ज्ञ केन्सने १९३६ मध्ये एक वाट दाखवली. देशातला पैसा तेवढाच आहे आणि किमती पडल्या, तर रोजच्या व्यवहाराला कमी पैसा पुरतो, उरलेला बाँडकडे जातो, व्याज उतरतं आणि गुंतवणूक वाढते. पण मंदीत व्याज आधीच तळाला असेल तर पुढे काय, इथे त्याचं गाडं अडतं.

त्यावर पिगू या अर्थतज्ज्ञाने १९४३ मध्ये उत्तर दिलं की व्याज नाही पडलं तरी चालेल, लोकांच्या हातातल्या पैशाची खरेदीशक्ती वाढते, ते श्रीमंत होतात आणि जास्त खर्च करतात. हाच वेल्थ इफेक्ट.

पुढच्याच वर्षी कालेकी या अर्थतज्ज्ञाने यात खोट काढली आणि मला तीच सगळ्यात पटते. बँकेतली ठेव ही कुणाची तरी संपत्ती असली तरी तिच्यामागे दुसऱ्या कुणाचं तरी कर्ज असतं. समजा वाकडला फ्लॅट घेतलेल्या एकाचा पगार ८०,००० आणि ईएमआय ३५,०००, म्हणजे हातात ४५,००० उरतात. आता किमती आणि पगार दोन्ही १० टक्क्यांनी पडले, पगार ७२,००० झाला, पण ईएमआय तेवढाच, म्हणून उरले ३७,०००. किमती १० टक्के खाली आणि याच्या हातातली रक्कम जवळपास १८ टक्के खाली, म्हणजे हा खर्च कमीच करणार ना! कोथरूडमधल्या एफडीवाल्या आजोबांचा फायदा असा कर्जदाराच्या खिशातून येतो. दोन्हीची वजाबाकी केली की निव्वळ संपत्ती म्हणून मुख्यतः सरकारी नोटा आणि सोनं एवढंच उरतं, आणि कर्जं बुडायला लागली तर उलटाच परिणाम. खुद्द पिगूनेही १९४७ मध्ये मान्य केलं की प्रत्यक्षात हा वेल्थ इफेक्ट घडायची शक्यता फार कमी. तरीही पाठ्यपुस्तकात पहिला नंबर याचाच!

व्यापाराची साखळी मात्र बरीचशी १९६० च्या दशकातल्या मंडेल आणि फ्लेमिंग या अर्थतज्ज्ञांच्या कामावर उभी आहे. व्याज पडलं की परदेशी पैसा बाहेर जातो, रुपया उतरतो आणि चाकणचे सुटे भाग बाहेरच्यांना स्वस्त पडतात. यासाठी विनिमय दर मोकळा हवा. तो बांधलेला असेल तर फक्त आपल्या किमती इतरांपेक्षा कमी झाल्याचा फायदा मिळतो, आणि १९३० च्या मंदीसारख्या काळात सगळीकडेच किमती एकदम पडतात तेव्हा तोही मिळत नाही, कारण सगळे देश एकाच वेळी एकमेकांपेक्षा स्वस्त होऊ शकत नाहीत.