'सेन्झा सोर्दिनी': पियानोच्या एका पानावरची इटालियन ओळ

पियानो शिकायला लागून दोन-चार महिने झाले की बेथोव्हेनच्या 'मूनलाइट' सोनाटाचं पहिलं पान कुठून तरी फोनमध्ये येतंच. फोटो थोडा तिरका, कडेला अंगठ्याची सावली. स्वर बोट ठेवून एकेक वाचता येतात, पण अडतं ते मधल्या अक्षरांशी: वर 'अदाजो सोस्तेनुतो', त्याखाली बारीक अक्षरात एक लांबलचक वाक्य आणि पहिल्याच बारमध्ये 'सेंप्रे पीपी ए सेन्झा सोर्दिनी'. या शेवटच्या दोन शब्दांनी भल्याभल्यांना चकवलं आहे.

बेथोव्हेन जर्मन बोलणारा, राहायचा व्हिएन्नात. मग सूचना इटालियनमध्ये का? संगीत छापण्याचा धंदा उभा राहिला तो व्हेनिसमध्ये. तिथे 1501 मध्ये पेत्रुच्चीने सुट्या खिळ्यांनी स्वरलिपी छापली. पुढच्या शतकात ऑपेरा जन्मला तोही इटलीतच, आणि इटालियन गायक-वादक युरोपभरच्या दरबारांत नोकरीला लागले. तालमीत जे शब्द बोलले जात तेच कागदावर उतरले. खुद्द पियानो हे वाद्यही 1700 च्या सुमारास फ्लोरेन्समध्ये क्रिस्तोफोरीने बनवलं. पियानो हे त्याच्या लांबलचक नावाचं उरलेलं शेपूट आहे: मूळ वर्णन होतं 'हळू आणि मोठ्याने वाजणारं' वाद्य. व्हिएन्नाच्या दरबारात बेथोव्हेनच्या काळी संगीतप्रमुख होता सालिएरी, इटालियनच. त्याच्याकडे बेथोव्हेन इटालियन काव्याला चाल लावायचे धडे घेत होता. त्यामुळे 1801 मध्ये लिहिलेल्या आणि 1802 मध्ये व्हिएन्नात छापलेल्या या सोनाटात त्याने अख्खं वाक्य इटालियनमध्ये लिहावं, यात नवल नाही.

आता फोटोकडे वळू. 'अदाजो' म्हणजे 'संथ' असं प्रत्येक कोष्टकात सापडतं, पण शब्दाची फोड 'आद आजो' अशी आहे, म्हणजे निवांतपणे, सवडीने. 'सोस्तेनुतो' म्हणजे धरून ठेवलेलं, तोललेलं. पहिला शब्द वेगाचा, दुसरा शब्द स्वर धरण्याच्या पद्धतीचा. नवशिका दोन्हींचा अर्थ 'हळू' असाच लावतो आणि तुकडा फरफटत नेतो. खरं तर उत्तर शेजारीच छापलेलं असतं: तालाच्या जागी उभी रेघ मारलेला 'सी'. ती रेघ सांगते की बारमध्ये चार नव्हे, दोन ठोके मोजायचे. उजव्या हातात एका बारला तीन-तीन स्वरांचे चार गट आहेत, म्हणून एका ठोक्यात दोन गट, सहा स्वर. चार मोजून पाहा, मग दोन मोजून पाहा. स्वर तेच असतात, पण दुसऱ्या वेळी तुकडा पुढे सरकतो. फोटो अंधूक असेल तर ही रेघ सगळ्यात आधी गायब होते. उरतो नुसता 'सी', आणि तो चार ठोके सांगतो.

पानावर मेट्रोनोमचा आकडा दिसला तर तो बेथोव्हेनचा नाही. मेल्झेलने मेट्रोनोमचं पेटंट 1815 मध्ये घेतलं, सोनाटा त्याच्या कितीतरी आधीची. आकडा नंतरच्या संपादकाचा. त्याचा सल्ला म्हणून उपयोग करा, हुकूम म्हणून नको. 'मूनलाइट' हे नावही बेथोव्हेनचं नव्हे. ते समीक्षक रेल्श्टाबच्या कल्पनेतून आलं.

वरचं बारीक वाक्य असं: 'सी देवे सुओनारे तुत्तो क्वेस्तो पेत्सो देलिकातिस्सिमामेन्ते ए सेन्झा सोर्दिनो'. म्हणजे हा संपूर्ण तुकडा अत्यंत नाजूकपणे आणि सोर्दिनोविना वाजवावा. 'देलिकातो' नाजूक, 'देलिकातिस्सिमो' अतिशय नाजूक, आणि त्याला जोडून 'अत्यंत नाजूकपणे'. एवढा लांब शब्द वापरणाऱ्याला वाचणाऱ्यावर फारसा विश्वास नसावा, असं मला नेहमी वाटतं.

आणि सोर्दिनो? व्हायोलिनवर बसवायची आवाज दाबणारी पट्टी, हा त्याचा सर्वपरिचित अर्थ. त्यावरून नवशिका समजतो: 'आवाज मऊ करणारं डावं पेडल वापरू नका'. इथेच घसरायला होतं. डाव्या पेडलची सूचना निराळी, 'उना कोर्दा', म्हणजे एक तार. पियानोच्या बाबतीत सोर्दिनी म्हणजे डॅम्पर, तारांवर टेकलेल्या नमद्याच्या गाद्या. कळ सोडली की त्या तारेवर बसून स्वर थांबवतात. 'सेन्झा सोर्दिनी' म्हणजे गाद्या उचललेल्या ठेवा. आजच्या भाषेत, उजवं पेडल दाबा. शब्दशः 'विना' म्हणणारी सूचना प्रत्यक्षात काहीतरी करायला सांगते. तेव्हाच्या व्हिएन्नातल्या अनेक पियानोंवर हे काम गुडघ्याने वर ढकलायच्या दांडीने होई. थोड्याच वर्षांत पायाचं पेडल सरसकट झालं आणि छापील पानांवर 'पेड' आणि सोडण्याची खूण आली. मग जुना शब्द मागे पडला.

पण शब्द कळला म्हणून पेडल दाबून शेवटपर्यंत बसू नका. त्या काळच्या पियानोच्या तारा बारीक, ताण कमी, सांगाडा लाकडी, त्यामुळे स्वर लवकर विरत असे. एक स्वरसंच दुसऱ्यात मिसळला तरी पुसट धुकं होई. आजच्या पियानोत लोखंडी चौकट आणि जाड तारा आहेत, खालचे स्वर लांबत राहतात. तिसऱ्या बारपर्यंत आवाजाचा चिखल होतो. बेथोव्हेनचा शिष्य चेर्नी यावर व्यवहारी तोडगा देऊन गेला: डाव्या हातात नवा खालचा स्वर आला की पेडल नव्याने घ्या. करायचं असं: नवा स्वर वाजतो त्याच क्षणी पाय वर, आणि बोट कळीवर असतानाच लगेच खाली. पाय आधी उचलला तर मध्ये भोक पडतं, उशिरा उचलला तर मागचा स्वरसंच नव्यात चिकटून राहतो. पहिल्या दोन बारमध्ये डावा हात बारच्या सुरुवातीलाच बदलतो, तिसऱ्यात मात्र बारच्या मध्यावर पुन्हा. तिथे बहुतेकांचा पाय झोपलेला असतो.

'सेंप्रे' म्हणजे सतत आणि 'पीपी' म्हणजे पियानिस्सिमो, अगदी हळू आवाजात. फोटो मोठा करून पाहा, कारण दोन 'पी' एकमेकांत मिसळून एकच दिसणं नेहमीचं आहे. पाचव्या बारमध्ये वरची सुरावट सुरू होते, तिथेही पीपीच आहे. नवखे तिथे हमखास जोर लावतात. सुरावट उठून दिसावी एवढा करंगळीला किंचित भार पुरतो, बाकीचे तिहेरी गट मागे ठेवायचे. पुढे 'क्रेश', 'डिक्रेश' अशी तुटकी अक्षरं येतात, क्रेशेंदो आणि डिक्रेशेंदोची. त्यात आवाज हळूहळू वाढतो किंवा उतरतो. वेग बदलत नाही, हे लक्षात असू द्या.

शेवटच्या पानाचा फोटो मिळाला तर तळाशी आणखी एक ओळ असते: 'अत्ताक्का सुबितो इल सेग्वेन्ते', म्हणजे पुढचा भाग ताबडतोब सुरू करा. पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर 'सोनाटा क्वाझी ऊना फान्ताझिया' असं होतं, जणू कल्पनाविलास. त्यात भाग थांबून-थांबून वाजवायचे नव्हते. फक्त पहिलाच भाग शिकलेल्याने या ओळीचं काय करायचं? शेवटचे दोन स्वरसंच पीपी वाजवून, आवाज विरेपर्यंत पेडल धरून ठेवायचं, आणि मग पाय सोडायचा.