लोगोच्या आधी डीमार्क: इनबॉक्समधील बोधचिन्हामागची अट

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये यंत्रांचे सुटे भाग बनवणारी एक मध्यम आकाराची कंपनी कल्पून पाहू. तिचा कार्यालयीन पत्रव्यवहार, पगाराच्या पावत्या आणि ग्राहकांची बिले `example.in` या एकाच डोमेनच्या नावाने जातात. पगाराच्या पावत्या मात्र प्रत्यक्षात एक बाहेरची सेवा पाठवते, आणि बिले कारखान्यातल्या जुन्या सर्व्हरवरून निघतात. ग्राहकाच्या इनबॉक्समध्ये आपल्या नावाशेजारी आपला लोगो दिसावा, अशी मालकांची इच्छा आहे. त्यासाठीच्या मानकाला ‘बिमी’ म्हणतात, आणि त्याची नोंद डोमेनच्या डीएनएस या सार्वजनिक नोंदवहीत अशी एका ओळीची असते:

```
default._bimi.example.in  TXT  "v=BIMI1; l=https://example.in/logo.svg; a=https://example.in/vmc.pem"
```

यातील `l` म्हणजे लोगोच्या फाइलचा पत्ता आणि `a` म्हणजे प्रमाणपत्राचा. ही ओळ टाकायला काही मिनिटे पुरतात, पण आपल्या नावाने आलेल्या बनावट संदेशांचे काय करायचे हे सांगणारी डीमार्क नावाची आणखी एक नोंद डीएनएसमध्ये असते, आणि तिच्यात `p=none` असेल तर ही ओळ टाकूनही काही घडत नाही.

याचे कारण ईमेलच्या रचनेत आहे. ‘प्रेषक’ म्हणून दिसणारा पत्ता कोणीही, कोणाचाही लिहू शकतो. एसपीएफ ही तपासणी पाठवणाऱ्या सर्व्हरला परवानगी आहे का ते पाहते, तर डीकेआयएम संदेशावरची डिजिटल सही पडताळते. परंतु या दोन्ही तपासण्या वाचकाला न दिसणाऱ्या डोमेनवर होऊ शकतात. डीमार्क नेमका पुढचा प्रश्न विचारतो: तपासणीत उत्तीर्ण झालेले डोमेन आणि वाचकाला दिसणारे डोमेन एकच आहे का? दोहोंपैकी एकीत जरी हा मेळ बसला, तरी पुरते. कोठेच बसला नाही तर काय करायचे, हे `p` ठरवतो: `none` म्हणजे केवळ अहवाल पाठवा, `quarantine` म्हणजे संशयित समजून स्पॅममध्ये टाका आणि `reject` म्हणजे नाकारा. बिमीला शेवटच्या दोहोंपैकी एक लागतो. `quarantine` असल्यास तो सर्व संदेशांना लागू हवा, म्हणजे `pct=50` चालत नाही. उपडोमेनांना `sp=none` अशी सूट दिलेलीही चालत नाही.

खरे पाहता `p=none` असतानाही मेळ बसलेल्या संदेशांपुरता लोगो दाखवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य होते. ही अट मुद्दाम घातलेली आहे: लोगो हे आमिष आहे, आणि ते मिळवण्यासाठी कंपन्यांनी आपल्या नावाने येणारे बनावट संदेश अडवायला सुरुवात करावी, हा हेतू आहे. मला ही योजना चतुर वाटते.

अंमलबजावणीतली अडचण आपल्या कंपनीला डीमार्कचे अहवाल सुरू केल्यावर दिसते. बहुतेक मोठ्या सेवा ते साधारण रोज, एक्सएमएल स्वरूपात पाठवतात. पगाराच्या पावत्यांसमोर एसपीएफही `pass` आहे आणि डीकेआयएमही `pass`, तरीही डीमार्क नापास आहे, कारण परतीचा पत्ता आणि सही ही दोन्ही त्या बाहेरच्या सेवेच्या स्वतःच्या डोमेनची आहेत. याच अवस्थेत घाईने `reject` लावले, तर पगाराच्या पावत्या नाकारल्या जातील. त्यावर उपाय असा, की त्या सेवेची सही पडताळणारी सार्वजनिक किल्ली आपल्या डीएनएसमध्ये प्रसिद्ध करून सही `d=example.in` या नावाने करून घ्यायची. जुन्या सर्व्हरच्या संदेशांवर सहीच नाही. एसपीएफमुळे ते तरतात, पण ग्राहकाने बिल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पुढे धाडण्याची सोय केली असेल, तर मधला सर्व्हर परवानगीच्या यादीत नसल्याने एसपीएफ तुटतो. सही मात्र संदेशासोबतच जाते, म्हणून तीही लावावी लागते. वर्षाअखेरीलाच जाणारी शिल्लक-खात्रीची पत्रे आठवडाभराच्या अहवालांत दिसणार नाहीत, हेही ध्यानात घ्यावे.

एवढे झाल्यावरच प्रमाणपत्राकडे वळण्यात अर्थ आहे. जीमेलला ‘व्हीएमसी’ हे प्रमाणपत्र लागते आणि ते नोंदणीकृत व्यापारचिन्हावरच मिळते. अर्ज करून नुसते ‘टीएम’ लिहिणे पुरत नाही. नोंदणी नसलेल्या, पण किमान वर्षभर जाहीर वापरात असलेल्या लोगोसाठी जीमेल 2024 पासून ‘सीएमसी’ हे दुसरे प्रमाणपत्र स्वीकारते, मात्र त्यावर प्रेषकाच्या नावाशेजारची निळी खूण मिळत नाही. याहू प्रमाणपत्राशिवायही लोगो दाखवू शकते. लोगोची फाइल एसव्हीजीच्या ‘टायनी पीएस’ या मर्यादित प्रकारातली लागते. आत पीएनजी चित्र चिकटवलेली फाइल नाकारली जाते.

सगळे जुळूनही लोगो दाखवायचा की नाही, हे शेवटी मेल सेवाच ठरवते, आणि डोमेनची पतही त्यात पाहिली जाते. शिवाय डीमार्क फक्त नेमक्या त्याच डोमेनचे रक्षण करतो. कोणी `examp1e.in` असे फसवे डोमेन घेतले, तर त्याचा डीमार्क रीतसर उत्तीर्ण होईल. प्रमाणपत्राअभावी जीमेलमध्ये त्याला कंपनीचा लोगो मिळणार नाही, पण संदेश पोहोचेल, आणि लोगो नसल्याचे ग्राहकाच्या लक्षात येईलच असे नाही.