पोथी, फर्मा आणि पीडीएफ : पुस्तिकेचं मागचं पान उलटं का येतं

गड्डा यात्रेच्या आधी एका भजनी मंडळाची पुस्तिका आमच्याकडे छपाईला आली. २६ पानांची पीडीएफ. ए-फोर कागदावर दोन्ही बाजूंनी छापायची, मधोमध दुमडायची, दोन पिना मारायच्या, शंभर प्रती. पोरानं पहिली प्रत काढून दुमडली. उघडून बघतो तर डाव्या हाताचं पान डोकं खाली, उजव्या हाताचं सरळ. तिसऱ्या पानाच्या पाठीवर चौथं हवं होतं, तिथे पंचविसावं आलेलं, तेही उलटं.

"उलटं आलंय की बे," तो म्हणाला.

शेजारी अण्णा बसले होते. त्यांची उमेदीची वर्षं छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात गेली. प्रत हातात घेऊन त्यांनी पान बाजूला न उलटता वर उचललं, पलीकडे टाकलं आणि म्हणाले, "उलटं कुठाय? पोथी छापलीस तू."

खरंच पोथी होती. पोथीचं पान आडवं असतं. ते पुस्तकासारखं डावीकडे उलटत नाहीत, खालच्या कडेला धरून वर उचलतात आणि पलीकडे पालथं ठेवतात. म्हणजे पान लांब कडेभोवती फिरतं. त्यामुळे पोथीच्या मागच्या बाजूचा मजकूर पुढच्या बाजूच्या मानाने उलटा लिहावा लागतो, तरच पान पलीकडे पडल्यावर तो वाचकाला सरळ दिसतो. दुमडायच्या पुस्तिकेचा कागदही छापताना आडवाच असतो, पण तो उभ्या घडीभोवती, म्हणजे आखूड कडेच्या दिशेने उलटतो. प्रिंटरच्या खिडकीत Flip on long edge आणि Flip on short edge असे दोन पर्याय दिसतात, त्यातला पहिला आडव्या कागदासाठी पोथीचा आणि दुसरा पुस्तिकेचा. आमचा प्रिंटर पहिल्यावरच राहिला होता, कारण रोजची सुटी, उभी पानं पाठपोट छापायला तोच बरोबर असतो.

आपल्याकडे छापखाने आले तेव्हा सुरुवातीला दोन्ही रीती शेजारी नांदल्या. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढलं. पुढे १८६९ मध्ये जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना सुरू झाला, आणि तिथून बांधीव पुस्तकांबरोबर सुट्या पानांच्या पोथ्याही निघत राहिल्या. पोथीला पानांचा हिशेब सोपा असतो. पहिल्याच्या पाठीवर दुसरं, तिसऱ्याच्या पाठीवर चौथं, एवढंच. बांधीव पुस्तक आलं की तो हिशेब मोडतो. तिथे एका मोठ्या कागदावर एकदम आठ पानं छापतात, पाठीवर आणखी आठ, आणि कागद तीनदा दुमडला की सोळा पानांचा एक फर्मा होतो. छापताना त्यातलं कुठलंच पान वाचायच्या क्रमाने शेजारी नसतं.

अण्णांच्या काळी ही मांडणी माणूस हाताने करायचा. गॅलीतून पानं उतरवून लोखंडी सपाट टेबलावर लावायची आणि चेस नावाच्या चौकटीत आवळायची. एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ आणि दुसऱ्या बाजूला उरलेली. पहिल्या पानाचं डोकं आठव्याच्या डोक्याला भिडलेलं, म्हणजे अर्धी पानं मुळातच उलटी, आणि खिळ्यांवर सगळं आरशातल्यासारखं. पाठ करायला एकच कडी होती, ती अण्णा अजून म्हणतात: घडीच्या दोन अंगांना येणाऱ्या पानांची बेरीज नेहमी एकूण पानांपेक्षा एकने जास्त. सोळाला सतरा. १ शेजारी १६, ४ शेजारी १३, ५ शेजारी १२, ८ शेजारी ९. शंका आली तर ते रद्दी कागद तीनदा दुमडून त्याच्यावर पेन्सिलीने आकडे घालायचे आणि उघडून टेबलावर ठेवायचे. त्याला डमी म्हणत. कागद कुठल्या कडेने उलटायचा हेही त्याच टेबलावर ठरायचं, कारण फर्मा आवळणारा आणि मशीनवर कागद घालणारा हाकेच्या अंतरावर असत.

ऑफसेट आल्यावर खिळे गेले, टेबल राहिलं. आता त्यावर ट्रेसिंग पेपरवरची पानं सेलोटेपने चिकटवायची, त्याला पेस्टिंग म्हणत. डीटीपी आल्यावरसुद्धा बरीच वर्षं संगणकावर फक्त पान व्हायचं आणि फर्मा पेस्टिंगवालाच जुळवायचा. यात एक अडचण खास आपली होती. मराठी फाइल ज्या फाँटमध्ये केली तो फाँट दुसऱ्याच्या संगणकावर नसेल तर अक्षरांच्या जागी कचरा दिसे. सोलापुरात तर एकाच पत्रिकेत मराठी, कन्नड आणि तेलुगू असतं, तिथे हा ताप तिप्पट. म्हणून ज्यानं पान केलं त्यानंच ते कागदावर काढून द्यायचं. छापखान्याने फाइल उघडून स्वतः फर्मा लावावा, हे सहसा जमत नसे.

पानं फाइलीतच जुळवायची वाट आधी पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरला पान कसं काढायचं ते सांगणाऱ्या भाषेतून निघाली. अँगस डग्गन यांनी १९९१च्या सुमारास psutils नावाचा छोट्या आज्ञांचा संच लिहिला. त्यातली psbook पानांचा क्रम फर्म्याप्रमाणे लावते आणि psnup एका कागदावर दोन पानं बसवते. psbook -s16 म्हटलं की सोळा-सोळा पानांचे फर्मे, आकडा न देता सोडलं की अख्ख्या फाइलचा एकच फर्मा. पण पोस्टस्क्रिप्ट फाइल म्हणजे सलग चालणारा प्रोग्राम. एक पान कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे %%Page: अशा टिपांवरून ओळखावं लागे. फाइल करणाऱ्याने त्या टिपा नीट घातल्या नसतील तर psbook हतबल.

१९९३ मध्ये आलेल्या पीडीएफने या दोन्ही गाठी सोडवल्या. फाँट फाइलीतच बांधून येऊ लागले आणि प्रत्येक पान स्वतंत्र वस्तू झालं. स्वतंत्र असल्यामुळे ते उचलून, लहान करून दुसऱ्या पानावर शिक्क्यासारखं उमटवता येतं. आमच्या पुस्तिकेच्या पहिल्या कागदाच्या दर्शनी बाजूला प्रत्यक्षात एवढंच लिहिलेलं असतं:

```
q 0.707 0 0 0.707 0 0 cm /P28 Do Q
q 0.707 0 0 0.707 421 0 cm /P1 Do Q
```

म्हणजे अठ्ठाविसावं पान ०.७०७ पट करून डावीकडे ठेव, पहिलं तेवढंच करून ४२१ पॉइंट उजवीकडे सरकव. ए-फोरची लांबी ८४२ पॉइंट, तिचं निम्मं ४२१. ०.७०७ ही ए-फोरवरून ए-फाइव्हवर उतरायची पट. चेस, टेबल, सेलोटेप, सगळं या दोन ओळींत आलं. एक गोष्ट मात्र त्यात येत नाही: कागद कुठल्या कडेने उलटायचा. ते प्रिंटरच्या खिडकीत ठरतं आणि तिथे बऱ्याचदा दुसराच माणूस बसलेला असतो. आमची पोथी झाली ती या फटीतून.

आता २६ पानांना २८ का? एका ए-फोरवर चार पानं बसतात, म्हणून एकूण संख्येला चारने भाग जावा लागतो. सात कागद, २८ पानं, बेरीज २९. पहिल्या कागदावर पुढे २८ आणि १, मागे २ आणि २७. दुसऱ्यावर पुढे २६ आणि ३, मागे ४ आणि २५. असं करत सातव्याच्या मागे १४ आणि १५, तेच मधलं जोडपान.

कड बदलून काढलेली दुसरी प्रत सुलटी आली, तरी मंडळाचे अध्यक्ष नाराज झाले. "मलपृष्ठ कोरं कसं, मालक? आमच्या देणगीदाराची जाहिरात कुठं गेली?" जाहिरात शेवटच्या, म्हणजे सव्विसाव्या पानावर होती. कमी पडलेली दोन पानं सॉफ्टवेअर आपलं शेवटी जोडतं, त्यामुळे २७ आणि २८ कोरी राहिली आणि जाहिरात आत गेली. हिशेब चुकला नव्हता, कोऱ्या पानांची जागा चुकली होती. जुळारी असता तर त्याने विचारलंच असतं. कोरी पानं दोन्ही कव्हरांच्या आतल्या अंगाला हवीत, म्हणजे पहिल्या पानानंतर एक आणि शेवटच्याच्या आधी एक. आम्ही pdfjam या आज्ञेने असं केलं:

```
pdfjam bhajan.pdf '1,{},2-25,{},26' --landscape \
  --booklet true --paper a4paper --outfile chhapai.pdf
```

रिकामा महिरपी कंस म्हणजे कोरं पान. pdfjam च्या पोटात pdfpages हे लाटेकचं पॅकेज काम करतं आणि बेरजेची कडी तेच सांभाळतं. अ‍ॅडोबी रीडरच्या छपाईच्या खिडकीत Booklet हे बटणही क्रम तसाच लावतं, पण कोरी पानं कुठे टाकायची ते तिथे सांगता येत नाही. ती आधीच फाइलीत घालून ठेवावी लागतात.

एकच फर्मा करून पिन मारायची याला मर्यादा आहे, आणि ती कागदाच्या जाडीची. ८० जीएसएम कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड. एकात एक घातले की आतला प्रत्येक कागद बाहेरच्यापेक्षा तेवढा पुढे सरकतो. सात कागदांत सर्वांत आतला जेमतेम ०.६ मिलिमीटर बाहेर येतो, कटिंगमध्ये ते निघून जातं. पण शंभर पानांचे पंचवीस कागद एकात घातले तर हेच जवळपास अडीच मिलिमीटर होतं. कटिंग केल्यावर मधल्या पानांचा बाहेरचा समास कव्हराजवळच्या पानांपेक्षा डोळ्याला दिसेल इतका अरुंद राहतो, आणि पानाचा आकडा कडेला असेल तर तो आधी कापला जातो. अशा वेळी जुनी वाटच बरी: सोळा-सोळाचे फर्मे करायचे आणि बाइंडरकडून शिलाई करून घ्यायची. pdfjam मध्ये --booklet true च्या जागी --signature 16 लिहिलं की फर्मे पडतात.

प्रिंटर आपोआप पाठपोट छापणारा नसेल तर रीडरमध्ये आधी Front side only आणि मग Back side only काढावं लागतं. छापलेला गठ्ठा परत ट्रेमध्ये कसा ठेवायचा हे प्रत्येक मशीनचं वेगळं असतं. आमच्याकडे आधी एकच कागद घालतात, त्याच्या वरच्या तोंडाला पेन्सिलीने फुली मारतात आणि ती फुली कुठे निघते ते बघतात. भजनी मंडळाच्या कामात पोरानं फुली मारलीच, शिवाय अण्णांनी त्याच्याकडून रद्दीचे सात कागद दुमडून २८ आकडे लिहून घेतले. ती डमी अजून प्रिंटरच्या झाकणावर पडलेली आहे.