बूटस्ट्रॅप : चिठ्ठी परत टाकून पुन्हा उचलायची पद्धत

बूटस्ट्रॅप म्हणजे हातात मोजकेच आकडे असताना, त्यांच्यावरून काढलेलं उत्तर किती डळमळीत आहे ते त्याच आकड्यांतून शोधायची पद्धत. स्टॅनफर्डच्या ब्रॅडली एफ्रॉननं १९७९ मध्ये ती मांडली. सरासरीसाठी याची फारशी गरज पडत नाही, तिच्या चुकीच्या अंदाजाला जुनं सूत्र आहेच, पण मध्यकासाठी (आकडे चढत्या क्रमाने लावले की मधोमध येतो तो) असं सोपं सूत्र नाही आणि बूटस्ट्रॅपची खरी किंमत तिथे कळते.

एफ्रॉननं स्वतः वापरलेलं उंदरांचं उदाहरण घेऊ. ऑपरेशननंतर उपचार दिलेले ७ उंदीर किती दिवस जगले : ९४, १९७, १६, ३८, ९९, १४१, २३. सरासरी ८६.९ दिवस, मध्यक ९४. आता हेच ऑपरेशन दुसऱ्या ७ उंदरांवर झालं असतं तर मध्यक किती आला असता? दुसरे उंदीर तर आपल्याकडे नाहीत, म्हणून हे सातच जणू सगळी उंदरांची जमात आहे असं धरायचं. सात चिठ्ठ्यांवर सात आकडे लिहायचे, डब्यात टाकायचे, एक उचलून आकडा लिहून घ्यायचा, चिठ्ठी परत डब्यात टाकायची, हलवायचं, पुन्हा उचलायची, असं सात वेळा. चिठ्ठी परत टाकणं हा सगळ्याचा जीव आहे, कारण परत टाकली नाही तर सात उचलींत तेच सात आकडे येणार आणि मध्यक दरवेळी ९४च.

समजा एका फेरीत ९४, २३, २३, १४१, ९९, ३८, २३ आले, तर मध्यक ३८. दुसऱ्या फेरीत १९७, ९९, १६, ९९, १४१, ९४, १९७, मध्यक ९९. एखादा ठरावीक उंदीर एखाद्या फेरीत अजिबात न येण्याची शक्यता ३४ टक्के असते, म्हणून फेऱ्या एकमेकींपेक्षा इतक्या वेगळ्या निघतात. अशा दहा हजार फेऱ्या कॉम्प्युटरवर :

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(1)
x = np.array([94, 197, 16, 38, 99, 141, 23])
i = rng.integers(0, 7, size=(10000, 7))
med = np.median(x[i], axis=1)
print(med.std(ddof=1), np.percentile(med, [2.5, 97.5]))
```

मध्यकांचा पसारा, म्हणजे स्टँडर्ड एरर, ३८ दिवसांच्या आसपास येतो आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के कापले की उरतं २३ ते १४१. म्हणजे ९४ हा आकडा दिसायला नेमका वाटतो पण त्याच्यावर भार टाकता येत नाही.

उपचार न दिलेल्या ९ उंदरांची सरासरी ५६.२ आहे. फरक ३०.६ दिवसांचा, बरा मोठा वाटतो, पण दोन्ही गटांच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवून (एकत्र मिसळायच्या नाहीत) बूटस्ट्रॅप केला तर या फरकाची स्टँडर्ड एरर साधारण २७ येते. एवढ्यावर उपचाराचा फायदा झाला असं म्हणायला आधार नाही.

आता सांभाळायच्या गोष्टी. फेऱ्या दहा हजारांच्या दहा लाख केल्या तरी माहिती सात उंदरांचीच राहते, फक्त चिठ्ठ्यांच्या नशिबाने येणारी हलचल कमी होते. त्यात लहान नमुन्यात बूटस्ट्रॅप पसारा थोडा कमीच दाखवतो : सातांच्या सरासरीची स्टँडर्ड एरर सूत्राने २५.२ येते तर बूटस्ट्रॅपने २३.४, कारण आतमध्ये सहाऐवजी सातने भागलं जातं. सात मापांना हा फरक जाणवतो, शंभराला जाणवत नाही.

दुसरी गोष्ट मात्र नुसती स्टँडर्ड एरर बघून कळतच नाही. वरच्या दहा हजार मध्यकांचा हिस्टोग्राम काढा, त्यात फक्त सात खांब दिसतील, कारण सात आकड्यांच्या फेरीचा मध्यक त्याच सातांपैकी एक असतो. सगळ्यात उंच खांब ९४ वर, साधारण ३१ टक्के फेऱ्यांचा, त्याच्या दोन बाजूंना ३८ आणि ९९ वर २४-२४ टक्के, आणि ३८ ते ९४ च्या मध्ये काहीच नाही. अशा चित्रावर ९४ अधिक-उणे ३८ लिहिणं मला पटत नाही, २३ ते १४१ असं लिहावं आणि मापं सातच होती हे शेजारीच सांगावं.

सगळ्यात मोठ्या आकड्याला तर ही पद्धत लावूच नये. सर्वांत जास्त जगलेल्या उंदराचे दिवस विचारले तर ६६ टक्के फेऱ्या १९७ हेच उत्तर देतात आणि त्याच्या वर एकही फेरी जात नाही, खरा उंदीर २५० दिवस जगू शकत असला तरी ते या डब्यात लिहिलेलंच नाही. आणि मापं एकमेकांवर अवलंबून असतील, म्हणजे एकाच उंदराचं सात दिवस मोजलेलं वजन असेल, तर सुट्या चिठ्ठ्या उचलून आजचं वजन कालच्याशी जोडलेलं असतं तो धागाच तुटतो. तिथे लागोपाठच्या दिवसांचे तुकडे एका चिठ्ठीवर लिहून ते तुकडे उचलतात, पण त्याला सात दिवस पुरत नाहीत.